बालवाडीच्या मुलाखतीतील एक प्रश्न

अमेरिकेत बालवाडीत शिक्षिकेची जागा शोधणाऱ्या आपल्या भगिनींना मुलाखतीत असा एखादा प्रश्न विचारला जातो : "दोन वर्षांच्या मुलाने दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला, तर तुम्ही काय कराल व पालकांना काय सांगाल?" येथे "माझ्या अंगी फार धीर आहे" हे उत्तर पुरत नाही. धीर कृतीतून दिसावा लागतो. म्हणून उत्तर क्रमाने द्यावे असे आम्ही सुचवितो.

प्रथम चावा बसलेल्या मुलाकडे जावे. जागा साबणाने धुऊन थंड पट्टी ठेवावी. रक्त आले असल्यास हातमोजे घालून काम करावे आणि दोन्ही घरी डॉक्टरांना विचारण्यास सांगावे. मग चावणाऱ्यासमोर खाली बसून शांतपणे म्हणावे, "चावायचे नाही, त्याला दुखते." याहून लांब उपदेश त्या वयात कळत नाही. धपाटा मारणे किंवा उलट चावून दाखविणे हे तर थट्टेतही बोलू नये.

त्यानंतर कारण शोधावे. वेळ, जागा आणि आधी काय घडले, हे दर वेळी लिहून ठेवावे. समजा, तीन दिवसांत तीन चावे झाले. तिन्ही साडेअकराच्या सुमारास, जेवणाआधी, एकाच खेळण्यातल्या लॉरीवरून. मूल दुष्ट नाही. ते भुकेलेले आहे आणि "मला दे" म्हणण्यास त्याच्यापाशी शब्द नाहीत. मग खाऊ थोडा लवकर द्यावा, तशीच दुसरी लॉरी ठेवावी, त्या वेळी शिक्षिकेने हाताच्या अंतरावर राहावे व ते दोन शब्द शिकवावेत.

आता पालक. दोन्ही घरी त्याच दिवशी कळवावे. चावा बसलेल्या मुलाची आई विचारील, "कोणी चावले?" आपल्याकडे बाई नाव चटकन सांगून मोकळ्या होत. येथील शाळांत बहुधा नाव सांगत नाहीत. म्हणावे, "तुमच्या मुलाचे नावही आम्ही कोणास सांगणार नाही. मात्र आम्ही काय केले आणि उद्यापासून काय करणार, ते सांगते."

चावणाऱ्याच्या आईला "तुमचा मुलगा चावरा आहे" असे म्हणू नये. घडले तेवढे सांगून विचारावे : दात येत आहेत का? झोप पुरते का? घरी कोणती भाषा बोलता? घरी मराठी व शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाचे शब्द शाळेत अपुरे पडू शकतात. अशा वेळी "दे", "नको", "पुरे" हे घरचे शब्द शिक्षिकेने शिकून घ्यावेत.

"पुन्हा असे होणार नाही" हे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळणे कोणाच्याच हाती नाही. "शुक्रवारी तुम्हाला फोन करून कळवते" असे सांगावे व शुक्रवारी फोन करावा. काही आठवड्यांत चावणे कमी झाले नाही, किंवा तीन वर्षांनंतरही चालू राहिले, तर बालरोगतज्ज्ञाचा सल्ला घेण्यास पालकांना सुचवावे.