हवा काढली, तिथेच चुकलं

मे महिन्यात जालन्याहून परत येताना करमाडजवळ पंपावर हवा तपासली. पुढच्या उजव्या चाकात ३६, डाव्यात ४१. सकाळी गार असताना दोन्हींत ३३ भरली होती. ऊन कडक आहे म्हटलं आणि डाव्यातली पाच काढून टाकली. ऊन दोन्ही चाकांना सारखंच लागतं, हे डोक्यातच आलं नाही.

पुढच्या खेपांना तापलेल्या टायरमध्ये दोन्हीकडे ३६ दिसायचे आणि मी खूश. पण रात्री गार झाल्यावर डाव्यात जेमतेम २८ उरत होती. दोन महिन्यांत त्या टायरच्या दोन्ही कडा घासल्या, मधला भाग तसाच. मी अलाइनमेंट करून आणलं, तेही दोनदा. अलाइनमेंट बिघडलं तर टायर बहुधा एकाच कडेला खातो, हे नंतर कळलं.

खरं दुखणं ब्रेकचं होतं. खुणा तर कधीपासून दिसत होत्या. सपाट रस्त्यावर एक्सलेटर सोडला की गाडी लवकर मंदावायची, स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढायचं, आणि डाव्या रिमवर काळी भुकटी जास्त. शेवटी चिकलठाण्याला सिग्नलवर जळका वास आला, तेव्हा गॅरेज गाठलं.

मिस्त्रीनं चाक जॅकवर घेतलं. ‘‘काका, ब्रेक दाबा. आता सोडा.’’ चाक हातानं फिरेना. पॅड डिस्कला हलकं घासतंच, पण चाक सहज फिरायला हवं. मग त्यानं कॅलिपरचा निप्पल जरा सैल केला. थोडं ब्रेक ऑइल आलं, चाक तसंच जाम. निप्पल उघडल्यावर चाक मोकळं झालं असतं, तर ऑइलचा दाब अडकलाय, म्हणजे बहुधा आतून सुजलेला होज, असं समजायचं. इथे दोष कॅलिपरमध्येच होता. खोलल्यावर खालची पिन गंजलेली निघाली, तिचं रबर फुगून फाटलेलं. आतला पॅड पत्र्याला टेकला होता, बाहेरचा अर्धा शिल्लक. मागे पॅड बदलताना कुणीतरी पिनेला साधं ग्रीस लावलं होतं. त्यानं रबर फुगतं. तिथे ब्रेकचंच ग्रीस लागतं.

पिना, रबरं, दोन्ही बाजूंचे पॅड आणि डावा टायर, एवढं बदलावं लागलं. टायर वाचला असता.

आता लांबून आलो की ब्रेक फारसा न दाबता गाडी थांबवतो आणि हाताची उलटी बाजू रिमजवळ नेतो, टेकवत नाही. डावं-उजवं ताडून पाहायचं. घाट उतरल्यावर ही परीक्षा कामाची नाही, तेव्हा दोन्ही चाकं तापलेलीच असतात. एकच चाक भाजत असेल तर त्यावर पाणी ओतू नका, डिस्कला तडा जाऊ शकतो. गाडी बाजूला घेऊन गार होऊ द्या, आणि हवा सकाळीच तपासा.