तेलाचा तवंग आणि उघडलेली बरणी

केवळ भाजलेले शेंगदाणे दळून केलेले, बाहेरची कोणतीही चरबी न घातलेले पीनट बटर आणि त्याच पद्धतीने तिळांपासून केलेली ताहिनी काही दिवस बरणीत राहिली की वर तेलाचा तवंग येतो आणि तळाशी घट्ट लगदा बसतो. हा तवंग दिसताच माल बिघडला असे समजून बरणी टाकून देणारी घरे आहेत, तशीच ‘जादा तेल’ नको म्हणून तो ओतून टाकणारीही आहेत. वास्तविक तेल वर येणे आणि तेल खवट होणे या दोन अगदी वेगळ्या घटना असून, पहिलीचा आरोग्याशी काहीही संबंध नाही, तर दुसरी घटना तवंग नसलेल्या बरणीतही घडू शकते.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण ४५ ते ५० ग्रॅम तेल असते आणि तिळांत ते त्याहून किंचित जास्तच असते. घाण्यावर हेच दाणे दाबले की तेल आणि पेंड वेगळी होतात. यंत्रात बारीक दळले की दाण्याच्या पेशी फुटून तेल बाहेर येते खरे, पण प्रथिने आणि तंतू यांचे कण त्यातच तरंगत राहतात. हे कण तेलापेक्षा जड असल्याने हळूहळू खाली बसतात आणि तेल वर राहते. दळण जाडसर असेल तर हे लवकर घडते, तसेच उन्हाळ्यात तेल पातळ झाल्यामुळेही ते लवकर घडते. म्हणून कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत नव्या बरणीवर थोड्याच दिवसांत तवंग दिसला तर त्यात वावगे काही नाही. बाजारातील ज्या पीनट बटरवर तेल कधीच येत नाही, त्यांत बहुधा हायड्रोजनीकृत वनस्पती तेल, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने घट्ट केलेले तेल, किंवा पाम तेल थोड्या प्रमाणात मिसळलेले असते. त्याचे बारीक स्फटिक जाळे विणतात आणि त्या जाळ्यात शेंगदाण्याचे तेल अडकून राहते. थोडक्यात, तवंग हा अशा मिश्रणाच्या अभावाचा पुरावा आहे.

हा तवंग ओतून टाकणे दोन कारणांनी अयोग्य ठरते. एक तर त्यातले तेल बहुतांशी असंतृप्त, म्हणजे हृदयाच्या दृष्टीने तुलनेने बरे मानले जाणारे असते आणि दाण्यांतील ई जीवनसत्त्व त्याच तेलात विरघळलेले असते. दुसरे म्हणजे तेल गेल्यावर उरलेला लगदा दिवसेंदिवस कोरडा होत जातो आणि बरणीच्या तळाचा भाग चमच्याने खरवडूनही निघत नाही. उष्मांक कमी करायचे असतील तर एका वेळी घेण्याचे प्रमाण कमी करावे. तेल काढून टाकणे हा त्याचा मार्ग नव्हे. बरणी उघडण्याआधी झाकण घट्ट असल्याची खात्री करून ती एक दिवस उलटी ठेवली तर तेल लगद्यातून वाट काढत दुसऱ्या टोकाकडे जाते आणि ढवळणे सोपे होते. त्यानंतर लांब दांड्याच्या, पूर्ण कोरड्या चमच्याने किंवा बोथट सुरीने तळापासून वर असे चार-पाच मिनिटे सावकाश ढवळावे. घाईने फिरवल्यास तेल बाहेर सांडते आणि तळाचा गोळा तसाच राहतो. एकदा नीट ढवळून बरणी फ्रिजमध्ये ठेवली की तेल दाट होते आणि पुन्हा वर येण्यास बराच काळ लागतो.

बरणी किती दिवस टिकेल हे मुख्यतः पाणी आणि हवा या दोन गोष्टी ठरवतात. जंतू आणि बुरशी यांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते आणि शुद्ध पीनट बटरमध्ये पाण्याचा अंश साधारण दोन टक्क्यांहून कमी असल्याने तिथे त्यांची वाढ होत नाही. दूध किंवा भाजी ज्या अर्थाने नासते त्या अर्थाने हा पदार्थ नासत नाही तो याच कारणाने. हवेचे मात्र तसे नाही. तेलातील असंतृप्त घटकांशी हवेतील प्राणवायूचा संयोग होणे म्हणजे ऑक्सिडीकरण. त्यातून तयार होणारी लहान, उडून जाणारी द्रव्ये खवट वासाला कारणीभूत असतात. उष्णतेने आणि प्रकाशाने ही क्रिया वेगवान होते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की तिचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो असे धरतात.

या हिशेबाचा कोल्हापूरच्या स्वयंपाकघराशी थेट संबंध आहे. परदेशी मार्गदर्शनात उघडलेले पीनट बटर कपाटात दोन ते तीन महिने टिकते असे सांगितले जाते, परंतु ते वीस-पंचवीस अंशांच्या खोलीला आणि प्रामुख्याने स्थिर केलेल्या प्रकाराला धरून असते. उन्हाळ्यात गॅसच्या ओट्याशेजारचे कपाट पस्तीस अंशांपर्यंत तापत असेल तर तोच काळ निम्म्यावर येतो. म्हणून शुद्ध पीनट बटर बाहेर ठेवल्यास सुमारे एक महिना आणि फ्रिजच्या आतल्या भागात ठेवल्यास तीन ते सहा महिने, असा अंदाज धरणे सुरक्षित आहे. तीळ भाजताना सेसमॉल नावाचे ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य तयार होत असल्यामुळे ताहिनी थोडी अधिक तग धरते. तरीही उघडलेल्या ताहिनीसाठी बाहेर एक ते दोन महिने आणि फ्रिजमध्ये सुमारे सहा महिने ही मर्यादा पुरेशी समजावी. वेष्टनावर उत्पादकाने उघडल्यानंतरचा काळ कमी दिला असेल तर तोच पाळावा. वेष्टनावरील ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ ही तारीख न उघडलेल्या बरणीसाठी असते. झाकणाखालचा पडदा फाडला की ती लागू राहत नाही, म्हणून उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहून ठेवावी.

एक किलोची बरणी १ मार्चला दोन घरांत उघडली गेली असे मानले तर हा फरक स्पष्ट होतो. पहिल्या घरात दोन मुले रोज प्रत्येकी पंधरा ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा पीनट बटर भाकरीला किंवा पोळीला लावून खातात. तीस ग्रॅम रोज या दराने बरणी तेहतीस दिवसांत, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि तिला फ्रिजची फारशी गरजही पडत नाही. दुसऱ्या घरात एकच व्यक्ती फक्त रविवारी तीस ग्रॅम खाते. तिथे बरणी तेहतीस आठवडे, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते, संपूर्ण वैशाख आणि पावसाळा तिच्यावरून जातो आणि बरणी जसजशी रिकामी होते तसतशी आत हवा वाढत जाते. अशा घराने अडीचशे ग्रॅमची बरणी घ्यावी, जी आठ आठवड्यांत संपेल, आणि ती फ्रिजमध्येच ठेवावी. मोठी बरणी घेतलीच असेल तर निम्मा माल लहान, कोरड्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवावा.

खवटपणा ओळखण्यासाठी मटारएवढा गोळा तळहातावर घेऊन बोटाने चोळावा, म्हणजे तो कोमट होतो आणि वास मोकळा होतो. ताज्या मालाला भाजलेल्या दाण्यांचा वास येतो. आधी हा भाजका वास नाहीसा होतो, मग ऑइलपेंट किंवा मेणाच्या खडूसारखा वास येऊ लागतो आणि जिभेवर ठेवल्यास घशाशी खवखव जाणवते. या शेवटच्या अवस्थेतला माल टाकून द्यावा; चुकून एक चमचा पोटात गेल्याने सहसा अपाय होत नाही, पण तोच माल मसाल्यात किंवा चटणीत दडवून संपवणे योग्य नाही. ताहिनीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. सालासकट तिळांची ताहिनी ताजी असतानाही किंचित कडवट लागते, म्हणून तिची पारख चवीपेक्षा वासाने करावी.

पाण्याचा धोका पावसाळ्यात खरा होतो. ओला चमचा, चहात बुडवलेला चमचा किंवा भाकरीचा तुकडा बरणीत गेला की पाण्याचे थेंब तेलात विरघळत नाहीत, ते जिथे पडतात तिथेच राहतात आणि त्या ठिकाणी बुरशीला जागा मिळते. फ्रिजमधून काढलेली थंड बरणी जुलैच्या दमट हवेत उघडी ठेवली तर आतल्या भिंतींवर दव जमते. म्हणून लागेल तेवढा माल वाटीत काढून झाकण लगेच लावावे. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर खरवडून उरलेला खाण्याचा मोह टाळावा आणि पूर्ण बरणी टाकावी.

घरी मिक्सरवर केलेल्या पीनट बटरचा विचार याहून आधी, दाणे निवडतानाच करावा लागतो. अस्परजिलस या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष शेंगेत तयार होऊ शकते. ते दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, विशेषतः हिपॅटायटिस बीचा संसर्ग असलेल्यांत, आणि भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. हे विष सहसा मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते, त्यामुळे सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशीचे, फुटके दाणे परातीत पसरून वेचून टाकणे हा अत्यंत परिणामकारक उपाय आहे. एकदा दळल्यावर मात्र ते ना डोळ्यांना दिसते, ना नाकाला कळते. चोखंदळपणे निवडलेले दाणे मंद आचेवर भाजून, साले काढून, पूर्ण गार करून दळावेत. मिक्सरमध्ये लगदा तापतो, म्हणून तो निवल्यावरच झाकण लावावे, अन्यथा वाफेचे पाणी झाकणाला धरते. असे पीनट बटर फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवावे.

वासाने न कळणारा दुसरा धोका सालमोनेला या जंतूचा आहे. कोरड्या, तेलकट माध्यमात तो वाढत नसला तरी महिनोन्महिने जिवंत राहतो आणि त्याच्याभोवतीची चरबी जठरातील आम्लापासून त्याचे रक्षण करते. अमेरिकेत २००८-०९ मध्ये दूषित पीनट बटर आणि त्यापासून केलेल्या पदार्थांमुळे ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली आणि नऊ मृत्यूंशी या साथीचा संबंध असल्याचे मानले गेले. हे दूषण कारखान्यात, भाजण्यानंतर होते, त्यामुळे फ्रिज त्यावर उपाय ठरत नाही. पण ताहिनीत पाणी, लिंबू आणि लसूण घालून हुमूससारखे वाटण केले की पाणी मिळाल्याने जंतूंना वाढीची संधी मिळते, म्हणून असे वाटण फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे आणि दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. खाल्ल्यानंतर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत ताप, पोटात कळ आणि जुलाब सुरू झाल्यास क्षारसंजीवनी द्यावी. शौचातून रक्त येणे, ताप चढत राहणे, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले, किंवा रुग्ण तान्हे मूल, गर्भवती वा वृद्ध असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे आणि त्या बरणीवरचा बॅच क्रमांक टिपून ठेवावा.