शनिवारचा अर्धा तास

शनिवारी सकाळची शाळा सुटली की लगेच निघू नकोस. पोरं घरी गेली, पटांगण रिकामं झालं की कार्यालयात अर्धा तास बस आणि पुढच्या आठवड्यातली मोठी कामं वहीत मांड. मला ही सवय माझ्या पहिल्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी लावली. गुरुजींचं म्हणणं असं की, सोमवारी सकाळी आठवडा आखायला बसलं तर आपल्या आधी टपाल येऊन बसलेलं असतं. आता तेच टपाल मोबाइलवर येतं, रविवारी रात्रीसुद्धा येतं. म्हणून शनिवार.

बरणी आणि दगडांचं प्रात्यक्षिक तू एखाद्या प्रशिक्षणात पाहिलं असशील. आधी वाळू भरली तर मोठे दगड बसत नाहीत. आधी दगड ठेवले तर वाळू त्यांच्या फटींत जाऊन बसते. स्टीफन कव्ही यांच्या १९९४ सालच्या ‘फर्स्ट थिंग्ज फर्स्ट’ या पुस्तकाबरोबर ते पुष्कळ ठिकाणी पोचलं. ते खरं आहे, पण प्रात्यक्षिक करणारा माणूस बरणीत मावतील इतकेच दगड घेऊन आलेला असतो. मुख्याध्यापकाच्या टेबलावर तसे मोजून दगड कुणी ठेवत नाही. दहा असतात आणि दहाही महत्त्वाचे असतात. तेव्हा आधी बरणी मोज.

तुझी शाळा साडेदहा ते पाच. परिपाठ, छोटी सुट्टी, मधली सुट्टी वजा केली तर दिवसाचे पाच तास उरतात. पाच दिवसांचे २५, शनिवारचे ३, असे २८ तास. तुझे स्वतःचे अध्यापनाचे १२ तास ३५ मिनिटांचे, म्हणजे घड्याळाचे ७ गेले. राहिले २१. पोषण आहाराची नोंद, हजेरी, टपाल यांना रोज एक तास लागतोच, म्हणजे ६ गेले. कुणी शिक्षक रजेवर असेल त्याचा वर्ग, भेटायला आलेले पालक, गावातली माणसं यांचे आणखी ६ धर. केंद्रावर किंवा तालुक्याला बैठक असली तर ३ तास तिकडे. शिल्लक ६ तास. आठवड्यातली तुझी खरी बरणी एवढीच आहे. हा हिशेब एकदा आपल्या हातानं कर. तुझे आकडे थोडे वेगळे येतील, पण फार वेगळे येणार नाहीत.

या सहा तासांचे ७० मिनिटांचे जोड तास पाड. पाच पडतात. त्यातले चार भरायचे आणि एक मोकळा ठेवायचा. सुट्या ३५ मिनिटांत मोठं काम होत नाही, कारण वही उघडून मागचं आठवेपर्यंत दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात घंटा होते.

आता कोणतं काम मोठं, हे ठरवायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे. हे काम मी या आठवड्यात केलं नाही, तर मला कुणी फोन करील का? पोषण आहाराची माहिती भरली नाही तर दुपारी फोन येतो. तिसरीच्या मुलांना वाचता येत नसेल आणि तू ते पाहिलं नसशील, तर वर्षभर कुणीच फोन करणार नाही. ज्या कामासाठी फोन येत नाही, पण मार्च-एप्रिलमध्ये ज्याचं पाणी नाकापर्यंत येतं, ते मोठं काम. फोन येणारी कामं फोनच करवून घेतो. त्यांना वहीत मानाची जागा द्यायची गरज नाही.

वहीत काम कसं लिहायचं, ते नीट बघ. ‘तिसरीचं वाचन सुधारणे’ असं लिहिलंस तर ते काम जूनपासून एप्रिलपर्यंत वहीतच राहील. लिहायचं असं: ‘तिसरीतल्या २८ मुलांपैकी प्रत्येकाचं वाचन एकट्यानं ऐकणं आणि कोणत्या पातळीवर आहे ते लिहिणं.’ पातळ्या तुला माहीत आहेत: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीत याच वापरतात. एका मुलाला चार मिनिटं धरली तर ११२ मिनिटं होतात. म्हणजे दोन जोड तास, आणि वर २८ मिनिटं अशा मुलासाठी जे बुजतं, ज्याला पुस्तक हातात घेऊन थोडं बसू द्यावं लागतं. काम किती जोड तासांचं आहे हे लिहिता आलं नाही, तर ते अजून काम झालेलं नाही, नुसती इच्छा आहे असं समज.

चारांपैकी दोन असे गेले. तिसरा जोड तास एका शिक्षकाच्या वर्गात मागं बसण्याचा: ३५ मिनिटं पाठ बघायचा आणि लागून येणाऱ्या ३५ मिनिटांत त्याच्याशी बोलायचं. हे दोन्ही एकत्रच हवं. पाठ मंगळवारी आणि चर्चा ‘वेळ मिळाला की’ असं केलं तर चर्चा होत नाही. मग लॉगबुकात शेरा तेवढा राहतो आणि शिक्षकाला वाटतं, बाई तपासायला आल्या होत्या. त्यासाठी पुढचा तास त्याला मोकळा पाहिजे. वेळापत्रक बघून, गरज पडली तर त्याचा वर्ग दुसरं कुणी घेईल अशी सोय शनिवारीच कर आणि त्याला त्याच दिवशी सांग. चौथा जोड तास दोन गळक्या खोल्यांच्या प्रस्तावाचा: फोटो, मोजमाप, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, पत्र. पाचवा मोकळा.

आता हे दगड कुठे ठेवायचे? सोमवारी ठेवू नकोस. त्या दिवशी साठलेले निरोप असतात, रजेचे अर्ज असतात. शुक्रवारीही नको, कारण शनिवार-रविवार तोंडावर आला की वरून माहिती मागण्याची घाई सुरू होते. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे तुझे दिवस, आणि तेही शक्यतो परिपाठानंतर लगेच. वाचन ऐकायचं काम तर सकाळीच व्हायला हवं. खिचडी खाऊन आलेली आठ-नऊ वर्षांची पोरं पेंगतात आणि येत असलेलंही चुकतात. आणखी एक, गावच्या बाजाराच्या दिवशी हे काम कधी धरू नकोस. त्या दिवशी जी मुलं घरी राहतात, त्यांच्यातच वाचनात मागं पडलेली जास्त असतात. तुझ्या नोंदीत नेमकी तीच नसतील आणि वर्ग आहे त्यापेक्षा बरा दिसेल.

मंगळवारी अकरा वाजता तू तिसरीत बसलेली असताना गटावर निरोप येणार: ‘सदर माहिती आज दुपारी ४ पर्यंत सादर करावी.’ हे व्हायचंच. त्याची तयारी शनिवारच्या वहीत असू दे. केंद्रप्रमुखांना आधीच नम्रपणे सांग की फोन आला तर लगेच उचलीन, निरोप मात्र साडेबाराला आणि साडेतीनला बघीन. चारची मुदत साडेतीनच्या फेरीत साधते, जर आकडे हाताशी असतील तर. खरी मेख इथंच आहे. मागितली जाणारी माहिती बहुतेक वेळा तीच असते: इयत्तावार मुलं-मुली, प्रवर्ग, आधार जोडलेले आणि न जोडलेले, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, बँक खातं, शाळेचा ११ अंकी यु-डायस क्रमांक. हे सगळं एका तक्त्यावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेव, त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेव आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुरुस्त कर. हा तक्ता करायला जूनमध्ये एक जोड तास दे. पुढच्या सगळ्या आठवड्यांत वाळू कमी करणारा हा दगड आहे, म्हणून तो सगळ्यात आधी.

निरोप आला की हात आपोआप तिकडे जातो, त्यात तुझा दोष नाही. मेंग झू, यांग यांग आणि क्रिस्टोफर शी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच दाखवलं आहे. ज्या कामाची मुदत जवळ, ते कमी फायद्याचं असलं तरी माणसं तेच आधी उचलतात. मात्र निवडीच्या क्षणी फायदा डोळ्यांपुढं आणला की ही ओढ कमी होते. म्हणून वहीत प्रत्येक मोठ्या कामापुढं एक ओळ लिहीत जा, त्यातून काय हाती येणार याची. ‘कोणत्या मुलांना अजून शब्द वाचता येत नाहीत, त्यांची नावं.’ अकरा वाजता मोबाइल वाजला तर ती ओळ वाच आणि मग ठरव.

कधीकधी दगड हलवावाच लागतो. पोर पडून डोकं फुटलं, गटशिक्षणाधिकारी अचानक आले, दोन शिक्षक एकदम रजेवर गेले. अशा वेळी काम खोडू नकोस. वहीत बाण काढून ते त्याच आठवड्यातल्या मोकळ्या जोड तासात टाक. पाचवा जोड तास रिकामा ठेवायला सांगितला तो याचसाठी. तो पाहून मोह होईल, पण सोमवारीच भरू नकोस. आठवडा शांत गेला तर गुरुवारी दुपारी त्यात दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग बघ.

एकच काम लागोपाठ तीन शनिवारी पुन्हा लिहावं लागलं, तर थांबून कारण शोध. बहुधा तीनांपैकी एक निघतं. काम फार मोठं असतं. मग प्रस्तावातले या आठवड्यात फक्त फोटो आणि मोजमाप घे. किंवा ते दुसऱ्या कुणाच्या निर्णयावर अडलेलं असतं. मग तुझा दगड प्रस्ताव हा नसून समितीची बैठक बोलावणं हा आहे. किंवा ते तुला खरंच महत्त्वाचं वाटत नाही, कुणी सांगितलं म्हणून लिहिलंस. तसं असेल तर मोकळेपणानं काढून टाक.

तिसरीचं वाचन ऐकून झालं आणि समज, २८ पैकी ९ मुलं शब्दांच्या पुढं जात नाहीत असं निघालं. पुढच्या शनिवारी ‘नऊ मुलांचा सराव’ असं वहीत लिहिशील. तिथं चूक होईल. त्या मुलांना रोज अर्धा तास हवा आहे, आणि जे रोज हवं ते शनिवारच्या वहीत टिकत नाही, कारण दर आठवड्याला ते नव्यानं ठरवावं लागतं. त्याला वर्गाच्या वेळापत्रकात जागा दे, घंटेला बांध, वर्गशिक्षकाचं नाव लिही. वहीत फक्त सहा आठवड्यांनी त्या नऊ जणांचं वाचन पुन्हा ऐकण्याची तारीख टाक. नऊ मुलांना ३६ मिनिटं लागतील, बुजणारं एखादं धरून एक जोड तास पुरे.

परीक्षेचे आठवडे, क्रीडा स्पर्धा, निवडणुकीची कामं आली की चार जोड तास मिळणार नाहीत. त्या शनिवारी चारांची यादी करून मन खट्टू करून घेऊ नकोस. एकच लिही आणि त्याला मंगळवारची सकाळ दे.