फराळाच्या पोस्टचा हिशेब: गाणं, फोटो आणि सुविचार

समजा, सुकापूरला माथेरान रोडवर तुमचं फराळाचं दुकान आहे आणि दिवाळीच्या ऑर्डरसाठी इन्स्टाग्रामवर रील टाकायचं आहे. मागे अभंग, समोर चकलीचा फोटो, खाली पु. लं.च्या नावाने एक वाक्य. या तिन्ही गोष्टी फारसा खर्च न करता कायदेशीरपणे करता येतात. मात्र ‘श्रेय: मूळ मालक’ असं लिहिल्याने परवानगी मिळत नाही.

गाणं. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत. पण आधुनिक चालीवर संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. पंधरा सेकंद वापरलं तर चालतं, असा नियम कायद्यात कुठेही नाही. वैयक्तिक खात्यात दिसणारी सगळी गाणी धंद्यासाठी दिलेली नसतात. मेटाच्या Sound Collection मधलं संगीत फुकट आहे, पण ते फेसबुक-इन्स्टाग्रामपुरतंच. यूट्यूबसाठी तिथली Audio Library वापरा. अभंगच हवा असेल, तर गावातल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या आणि त्यांची लेखी संमती ठेवा. खर्च म्हणजे त्यांचं मानधन.

फोटो. आपल्याच चकलीचा, आपल्याच मोबाइलवर, खिडकीजवळच्या उजेडात काढलेला फोटो सगळ्यात उत्तम, खर्च शून्य. गुगलवरून दुसऱ्याच्या चकलीचा फोटो उचलला, तर हक्कभंग होतोच, शिवाय ग्राहकाचीही दिशाभूल होते. विकिमीडिया कॉमन्सवरचं चित्र घेताना परवाना वाचा: CC BY-SA असेल तर छायाचित्रकाराचं नाव, परवाना आणि दुवा द्या, बदल केला असेल तर तेही लिहा. इतर संकेतस्थळांवरच्या चित्राच्या परवान्यात NC असेल तर ते धंद्यासाठी नाही. पैसे देऊन फोटोग्राफर बोलावलात, तर हक्क कोणाचा, किती वर्षांसाठी आणि कुठे वापरायचा, हे कामाआधीच लिहून घ्या.

सुविचार. पु. लं., व. पु., कुसुमाग्रज यांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्यं फिरत असतात. पुस्तकाचं नाव आणि पान सापडलं नाही, तर ते नाव टाकू नका. वाक्य खरं असलं तरी मोठ्या माणसाचं नाव तुमच्या मालाची शिफारस वाटेल, असं मांडू नका. पु. लं.चं निधन २००० मध्ये झालं, म्हणून त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० अखेरपर्यंत आहे; मोठा उतारा घ्यायचा तर हक्कधारकाची लेखी परवानगी लागेल. साने गुरुजींचं निधन १९५० चं, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. तेव्हाही नाव अचूकच द्या.

चुकलं तर? सहसा आधी रील काढलं जातं किंवा आवाज बंद होतो. पुढे नुकसानभरपाईचा दावा येऊ शकतो. जाणूनबुजून हक्कभंग केल्याचं ठरलं, तर कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तरच न्यायालय ही शिक्षा कमी करू शकतं. दुकानाच्या जाहिरातीला ती सवलत मिळणं अवघड. म्हणून प्रत्येक पोस्टमागे एक फोल्डर ठेवा: संगीत कुठून घेतलं, परवान्याचा स्क्रीनशॉट, संमतीचा संदेश, तारीख. नोटीस आली तर उत्तर देताना हेच कागद उपयोगी पडतील.