एका फोनवरची नववी

प्रश्न : २०२०-२१मध्ये शाळा ऑनलाइन होती, तेव्हा मी नववीत होते. घरात एकच फोन, तोही बाबांचा, रेंज जेमतेम. पदव्युत्तर प्रवेशाच्या निबंधात हे लिहिलं तर रडगाणं वाटेल का?

उत्तर : अडचण एका वाक्यात सांगा आणि लगेच तुम्ही काय केलंत त्याकडे वळा. ‘नेट नसल्यानं गणित कच्चं राहिलं’ एवढ्यावर थांबलात, तर ती सबब ठरते. त्याऐवजी असं लिहा : ‘बाबा रात्री कामावरून आले की मी सरांनी पाठवलेले व्हिडिओ उतरवून घ्यायचे, पहाटे धाकटा भाऊ उठण्याआधी ते बघायचे आणि अडलेल्या गणितांचे फोटो सरांना पाठवायचे.’ अर्थात, खरोखर केलं असेल तेवढंच. गुण घसरले असतील तर लपवू नका. ती कसर पुढे कशी भरून काढलीत, ते लगेच पुढच्या वाक्यात येऊ द्या.