विमानाचं दार बंद झाल्यावर: भीतीवर पैसे कुठे खर्चावेत, कुठे वाचवावेत

विमान पडेल ही भीती वेगळी आणि दार बंद झालं की जीव गुदमरेल ही वेगळी. पहिलीला हवेतले धक्के छळतात. दुसरीचा सगळ्यात वाईट काळ बहुतेकदा जमिनीवरच असतो: दार लागलेलं, विमान रांगेत उभं, गार हवा जेमतेम येतेय आणि उठायची सोय नाही. इथे या दुसऱ्या भीतीचाच हिशोब मांडला आहे.

समजा, पुण्यातल्या साठीच्या बाईंना सहा आठवड्यांनी मुलीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला जायचंय. लिफ्टसुद्धा टाळणाऱ्या. घरचे सुचवतात, पुढची ऐसपैस सीट घेऊन टाकू. ती महाग पडते आणि दार काही उघडं राहत नाही. साधी, पुढच्या रांगेतली, आतल्या वाटेलगतची सीट पुरे. तिचे कधी काहीशे, कधी हजारावर रुपये लागतात, तेही मार्ग आणि तारखेनुसार बदलतात. आपण जाता-येता मिळून बाराशे धरू. मात्र लहान एटीआर विमानात चढण्या-उतरण्याचं दार मागे असतं, तिथे मागची रांग घ्यावी. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो पाहून घ्या. चढायचंही शेवटी. तेवढा बसून राहण्याचा वेळ वाचतो आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

खरा खर्च तयारीवर करावा. खासगी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे शहरात एका भेटीचे साधारण हजार ते अडीच हजार होतात. दीड हजाराच्या चार भेटी धरल्या तर सहा हजार. तेवढे नसतील तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपरच्या नाममात्र शुल्कात काम होतं, आणि 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीत फुकट बोलता येतं. पहिल्या भेटीतच विचारा, 'भीतीच्या जागी टप्प्याटप्प्याने नेण्याचा सराव करून घेता का?' नुसत्या गप्पाच असतील तर दुसरीकडे पाहा.

या सरावाला तीनेकशे रुपये पुरतात. पहिल्या आठवड्यात सोसायटीची लिफ्ट, सोबतीला कोणी तरी. मग एकटीने. मग सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो, गर्दी नसताना आणि नंतर गर्दीत. भीतीला दहापैकी गुण द्यायचे आणि ते निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. मेट्रोत त्यासाठी दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतील. आठ गुण असताना बाहेर पळ काढला तर मन शिकतं ते इतकंच, की पळाले म्हणून वाचले. सराव फसतो तो बहुधा इथेच.

श्वासाचं मात्र नीट समजून घ्या, कारण 'खोल श्वास घे' या सल्ल्याने पुष्कळांचं उलट बिघडतं. घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा ओढत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठ आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि हवा कमी पडतेय असंच वाटू लागतं. वारंवार जांभया आणि उसासे ही याची आधीची खूण. तेव्हा श्वास मोठा नको, संथ हवा. तोंड मिटून नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. मिनिटाला सहाच्या आसपास. एक हात पोटावर ठेवा. पोट हललं पाहिजे, खांदे नाही. श्वास रोखून धरायच्या पद्धती गुदमरण्याची भीती असणाऱ्याला सहसा मानवत नाहीत. कागदी पिशवीत श्वास घेणं तर टाळाच. उंचीवर केबिनमध्ये प्राणवायू आधीच थोडा कमी असतो. रोज सकाळी-रात्री दहा मिनिटं, प्रवासाच्या तीन आठवडे आधीपासून. विमानात पहिल्यांदाच करून पाहिलं तर जमत नाही.

'हवा संपेल' या विचाराला एक माहिती उपयोगी पडते: उड्डाणात केबिनमधली हवा साधारण दर दोन-तीन मिनिटांनी बदलली जाते. डोक्यावरचं हवेचं छिद्र फिरवून झोत चेहऱ्यावर घ्या.

गोळीचा खर्च किरकोळ असतो. पण ती डॉक्टरांनी लिहून दिलेलीच हवी आणि आधी एकदा घरी घेऊन पाहिलेली, म्हणजे गुंगी किती येते ते कळतं. दमा, घोरण्याचा आजार, चालू औषधं हे सगळं त्यांना सांगा. शेजारणीची गोळी नको. गोळीवर दारू तर मुळीच नको.

बेरीज साडेसात हजार. हात आखडायचा झाला तर आधी सीटचे बाराशे वाचवा आणि वेब चेक-इन उघडताच फुकटातली बरी जागा पाहा. भेटींवर कात्री शेवटी.

इतकं करूनही त्या दिवशी जमलं नाही, तर दार बंद होण्याआधी कर्मचाऱ्यांना सांगा. ते उतरू देतात, फक्त तुमचं सामान शोधून काढावं लागत असल्याने विमानाला उशीर होऊ शकतो. म्हणून पहिल्या प्रवासाला सामान हातातच ठेवा. भाडं बहुधा बुडतं, पण विमानतळाचे कर आणि शुल्क परत मिळतात. प्रवास झाला नसल्याचं कळवून ते मागून घ्या.