अभ्यासपाठ : फी हप्त्याने भरण्यासाठी खरा अर्ज



जुलै महिन्यात आपल्यापैकी अनेकांकडे मंडळीतील किंवा पाड्यावरील मुले येतात आणि म्हणतात, "कॉलेजला एक ई-मेल लिहून द्या." या पाठात अशाच एका अर्जाचा अभ्यास करू.

पेठ तालुक्यातील एक मुलगी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. शिष्यवृत्तीत बसणारी रक्कम कार्यालयाने वजा केली होती. तरी वसतिगृह व जेवणाचे १८,००० रुपये ३१ जुलैपर्यंत भरायचे होते. तिने मोबाईलवर लिहून आणलेला मसुदा असा होता : "माझ्या वडिलांचा अपघात झाला आहे. शिष्यवृत्ती आली की फी भरीन. कृपया सवलत द्यावी."

मी विचारले, "बाबांना कुठे लागलं?" ती खाली पाहू लागली. अपघात झालाच नव्हता. जूनअखेर जोडीतला एक बैल साप चावून मेला. चिखलणी तोंडावर आली होती, म्हणून वडिलांनी फीसाठी ठेवलेल्या पैशांतून दुसरा बैल आणला. "ताई, बैल मेला असं कॉलेजला कसं लिहू? हसतील. अपघात लिहिला की लगेच मिळतं, असं मैत्रिणी म्हणाल्या."

मी तिला एवढेच विचारले, "अपघाताचा कागद मागितला तर काय देशील?" तिच्याकडे काही नव्हते. बैलाचे मात्र दोन कागद घरातच होते : पशुवैद्यकीय दवाखान्याचा दाखला आणि बाजारातील बैलखरेदीची पावती. खोट्या कारणासाठी पुढे खोटा कागद करावा लागतो, आणि तो पकडला गेला की पुढच्या वर्षीच्या खऱ्या अर्जावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मसुद्यातील दुसरी चूक शिष्यवृत्तीची होती. ती खात्यावर कधी जमा होईल हे विद्यार्थ्याच्या हातात नसते. म्हणून तिच्या भरवशावर तारीख देऊ नये. घरात पैसा कधी येतो ते आम्ही मोजले. ५,००० रुपये हातात होते. ऑक्टोबरमध्ये आईवडील द्राक्षबागांत छाटणीला जाणार होते आणि जानेवारीपर्यंत भात विकले जाणार होते. त्यावरून हप्ते ठरले आणि २२ जुलैला, म्हणजे मुदतीच्या आधी, हा ई-मेल गेला :

विषय : वसतिगृह शुल्क तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळण्याबाबत (नाव, द्वितीय वर्ष बी.एस्सी., हजेरी क्रमांक)

मा. प्राचार्य यांस,
सविनय नमस्कार. माझे वसतिगृह व भोजन शुल्क १८,००० रुपये ३१ जुलैपर्यंत भरायचे आहे. आमचे घर भातशेतीवर चालते. २८ जून रोजी आमचा एक बैल सर्पदंशाने मेला. लावणी थांबू नये म्हणून वडिलांनी शुल्कासाठी ठेवलेले पैसे बैल घेण्यासाठी वापरले. त्यामुळे पूर्ण रक्कम आज भरता येत नाही. मी पुढीलप्रमाणे भरू शकते : ३१ जुलै, ५,००० रुपये, ५ नोव्हेंबर, ६,००० रुपये, २० जानेवारी, ७,००० रुपये. पशुवैद्यकीय दाखला, बैलखरेदीची पावती व तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला सोबत जोडला आहे. मूळ कागद दाखवण्यास मी तयार आहे. आपला निर्णय कृपया लेखी कळवावा.
आपली विद्यार्थिनी,
(पूर्ण नाव व मोबाईल क्रमांक)

कारण चार वाक्यांत संपले आहे. रडगाणे नाही. लिपिकाला जे हवे असते, म्हणजे कोण, किती, कधी आणि पुरावा काय, ते सर्व एका नजरेत दिसते. कागदांचे फोटो उजेडात, चारही कोपरे दिसतील असे काढून एकाच पीडीएफमध्ये जोडले. आधार कार्ड किंवा पासबुक मागितले नव्हते, म्हणून पाठवले नाही.

चार दिवस उत्तर आले नाही. तेव्हा ती ई-मेलची छापील प्रत व मूळ कागद घेऊन कार्यालयात गेली. लिपिकाने बैलाचा दाखला वाचला. कोणी हसले नाही. वडिलांच्या सहीचे हमीपत्र घेऊन हप्ते मंजूर झाले. परीक्षा शुल्क मात्र एकरकमीच भरावे लागेल असे सांगितले. ते विद्यापीठाकडे जायचे होते, त्यामुळे त्यात सूट मिळाली नाही.

ऑक्टोबरच्या पावसाने छाटणी लांबली आणि मजुरी उशिरा मिळाली. तिने ५ तारीख उलटू दिली नाही. १ नोव्हेंबरलाच त्याच ई-मेलच्या उत्तरात लिहिले : आज ३,००० भरते, उरलेले ३,००० दि. २० पर्यंत. तेवढे तिने भरले आणि प्रत्येक पावती जपून ठेवली.

तुमच्याकडे कोणी असा अर्ज घेऊन आले, तर लिहायला बसण्यापूर्वी त्याला विचारा : खरे काय झाले, आणि त्याचा कोणता कागद घरात आहे?